तेरा परिच्छेद, पण तारीख नाही

१२ एप्रिल २०१९. शुक्रवार होता. रात्री अकरा वाजून वीस मिनिटांनी मी राजीनाम्याचा मेल पाठवला. मॅनेजिंग डायरेक्टर, प्लँट हेड, एचआर आणि 'सीसी'मध्ये आमच्या क्वालिटी विभागातली नऊची नऊ माणसं. दुपारी नोटीस बोर्डावर कागद लागला होता. आमचे क्वालिटी मॅनेजर साहेब निवृत्त होणार होते आणि त्यांच्या जागी प्रॉडक्शनमधला एक मुलगा येणार होता. मुलगा म्हणायचं कारण, तो माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान. मी २००७ च्या नोव्हेंबरपासून त्याच खात्यात होतो. ती खुर्ची आपलीच, असं मी धरून चाललो होतो. घरीही सांगून ठेवलं होतं, हे जास्त वाईट.

मेल तेरा परिच्छेदांचा झाला. त्यात अकरा वर्षांचा हिशेब होता. कुठली दिवाळी मी प्लँटमध्ये काढली, कुठल्या ऑडिटच्या आदल्या रात्री गेजच्या कपाटाशेजारी झोपलो, कुणाच्या चुका स्वतःच्या अंगावर घेतल्या, सगळं होतं. पुढचं आयएटीएफ ऑडिट माझ्याशिवाय कसं पार पडतं ते बघू, हेही होतं. आणि सातव्या परिच्छेदात एक वाक्य होतं, ज्याची मला आजही लाज वाटते : 'ज्याला मायक्रोमीटर नीट धरता येत नाही, त्याच्या हाताखाली मी काम करू शकत नाही.' पाठवल्यावर फार हलकं वाटलं. शांत झोपही लागली.

सकाळी सहाला उठून मेल परत घ्यायचा प्रयत्न केला. त्याचा परिणाम एवढाच, की ज्यांनी तो उघडला नव्हता त्यांना 'अमुक व्यक्तीला हा संदेश परत घ्यायचा आहे' अशी सूचना गेली आणि त्यांनीही तो आवर्जून वाचला.

एचआरच्या बाई वयाने मोठ्या होत्या. त्यांनी केबिनमध्ये न बोलावता कँटीनमध्ये बोलावलं. माझ्या मेलची छापील प्रत समोर ठेवली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "यात राजीनामा कुठे आहे?"

मी म्हटलं, "सगळाच राजीनामा आहे की."

"नाही हो. 'इथे काम करणं अशक्य आहे' म्हणजे राजीनामा नव्हे. कुठल्या पदाचा, कुठल्या तारखेपासून, नोटीस पिरियड देणार की नाही, काहीच नाही. तेरा परिच्छेद आहेत, पण तारीख नाही. मी याचं करू काय? तक्रार म्हणून घेऊ, तर तुम्ही दोघांवर आरोप केलेत. मला चौकशी लावावी लागेल आणि पुरावे तुम्हालाच मागावे लागतील. राजीनामा म्हणून घेऊ, तर शेवटचा दिवस कोणता?"

मी रागातच म्हटलं, "उद्यापासून येत नाही, असं धरा."

त्यांनी कागद पालथा केला आणि त्याच्या पाठीवर आकडे मांडले. माझ्या नेमणूकपत्रात साठ दिवसांचा नोटीस पिरियड होता आणि तो दिला नाही, तर तेवढ्या दिवसांचा बेसिक आणि महागाई भत्ता कापायची अट होती. माझा बेसिक आणि भत्ता मिळून ३१,२०० रुपये. दोन महिन्यांचे झाले ६२,४००. मग त्यांनी ग्रॅच्युइटी काढली. तेव्हाच्या १९७२ च्या कायद्यानुसार दर वर्षाच्या नोकरीमागे पंधरा दिवसांचा पगार, आणि महिना धरायचा सव्वीस दिवसांचा. म्हणजे ३१,२०० ला २६ ने भागून १५ ने गुणायचं : वर्षाला १८,००० रुपये. शेवटचं अर्धंमुर्धं वर्ष सहा महिन्यांपेक्षा जास्त भरलं, तर ते पूर्ण धरतात. नाहीतर सोडून देतात. मी ५ नोव्हेंबर २००७ ला लागलो. त्या दिवशी माझी अकरा वर्षं, पाच महिने आणि काही दिवस भरत होते. उद्यापासून गेलो तर अकरा वर्षं, मे महिन्याचा पहिला आठवडा ओलांडून गेलो तर बारा. फरक अठरा हजारांचा.

"ऐंशी हजार चारशे," बाई म्हणाल्या. "एवढ्याला पडला तुमचा कालचा मेल. तेही हातात दुसरी नोकरी नसताना."

आकडे ज्याच्या त्याच्या नेमणूकपत्राप्रमाणे आणि त्या वेळच्या कायद्याप्रमाणे बदलतील. पण नोकरी सोडायचा विचार आला की पहिलं काम पत्र लिहिणं नाही, कपाटातून आपलं नेमणूकपत्र शोधून काढणं आहे. मी ते अकरा वर्षांत एकदाही उघडलं नव्हतं.

त्यांनी माझ्याकडून तिथेच दोन ओळींचा मेल लिहून घेतला : कालचा मेल राजीनामा समजू नये, तो मी मागे घेत आहे, सहकाऱ्यांना तो पाठवणं अयोग्य होतं. मॅनेजिंग डायरेक्टरांनी, बहुधा बाईंच्याच सांगण्यावरून, विषय वाढवला नाही. पण दोन्ही मेल माझ्या पर्सनल फाइलला लागले. मागे घेतलेला कागद फाइलमधून नाहीसा होत नाही.

आठवडाभराने निवृत्त होणाऱ्या साहेबांना भेटलो. मेल लिहिण्याआधी करायची गोष्ट मी नंतर केली. त्यांना विचारलं, "माझं नेमकं काय कमी पडलं?" त्यांनी आढेवेढे न घेता सांगितलं. "तुझ्या कामाबद्दल शंका नाही. पण तुझ्या जागी लॅब सांभाळेल असा एक माणूस तू अकरा वर्षांत तयार केला नाहीस. तुला वर घेतलं असतं, तर खाली भोक पडलं असतं. आणि गिऱ्हाइकाची तक्रार आली की तू उत्तर बनवून माझ्याकडे द्यायचास, मीटिंगला मी जायचो. गिऱ्हाइकाला तुझं नाव माहीत नाही. त्या मुलाचं माहीत आहे." मला हे सगळं पटलं असं नाही. मीटिंगला मला नेलं नाही ते त्यांनीच, हे मी तेव्हाही मनात म्हटलं. पण माझ्या मेलमध्ये या बढतीचं एकच कारण होतं, वशिला. ते खोटं होतं आणि मी ते सही करून बारा जणांना पाठवलं होतं.

त्याच भेटीत त्यांनी एक प्रश्न विचारला. तो मी आता राजीनामा लिहायला बसलेल्या प्रत्येकाला विचारतो : "उद्या त्यांनी तुला दुसरी मॅनेजरची जागा दिली, तर राहशील का?" मी क्षणभरही न थांबता हो म्हणालो. म्हणजे मला सोडायचं नव्हतंच, कुणीतरी 'जाऊ नकोस' म्हणावं एवढंच हवं होतं. अशा वेळी राजीनामा लिहू नये, भेटीची वेळ मागावी. राजीनाम्याचा धाक दाखवून मिळालेली जागा मी दोघांच्या बाबतीत पाहिली आहे. दोघांच्याही पाठीमागे वर्षभरात पर्यायी माणूस उभा केला गेला.

मी रीतसर नोकरी शोधायला लागलो. जुलैच्या शेवटी दुसऱ्या एका कारखान्याचं ऑफर लेटर मिळालं. त्यावर रुजू व्हायची तारीख लेखी घेतली आणि मग पत्र लिहायला बसलो. आता उत्तर 'नाही, राहणार नाही' असं होतं. आणि आता आणखी एक अडचण होती. आमच्याकडे कुठलाही अर्ज विभागप्रमुखामार्फत जायचा. विभागप्रमुख कोण, तर तोच, मायक्रोमीटरवाला. माझं पत्र पहिल्यांदा त्याच्या हातात पडणार होतं.

एकदा पोळल्यामुळे या वेळी मी वाचणाऱ्यांचा विचार केला. पहिला तो. मग एचआर. मग अकाउंट्समधला कारकून, ज्याला फुल अँड फायनल काढायला फक्त शेवटचा दिवस हवा असतो. पीएफच्या खात्यातही तीच तारीख चढते आणि ती चुकली की पुढे रक्कम वळती करताना खेटे घालावे लागतात. आणि शेवटचा वाचक म्हणजे दोन-चार वर्षांनी माझी फाइल उघडणारी कुणीतरी अनोळखी व्यक्ती. नव्या कंपन्या हल्ली पडताळणी करणाऱ्या एजन्सीमार्फत जुन्या एचआरला विचारतात : माणूस कधीपासून कधीपर्यंत होता, कुठल्या पदावर होता, का सोडलं, परत घ्याल का. उत्तर देणारा बऱ्याचदा आपल्याला ओळखतही नसतो. तो फाइल उघडून वाचतो. माझ्या बढतीचं काय झालं, हे यांपैकी कुणाच्याच कामाचं नव्हतं.

तरीही पहिला खर्डा चांगला उतरला नाही. शिवी नव्हती, तक्रार नव्हती, पण बायकोने वाचून विचारलं, "टोमणे ठेवायचेत का?" तिने तीन ठिकाणी पेन्सिलीने खुणा केल्या. 'मला मिळालेल्या संधींबद्दल आभार.' बढती हुकलेल्या माणसाने हे लिहिलं की ते बोचरंच वाचलं जातं. 'नव्या नेतृत्वाखाली विभाग नवी उंची गाठेल, याची खात्री आहे.' यावर ती फक्त हसली. आणि 'जड अंतःकरणाने'. अंतःकरण कशाने जड झालं, हा प्रश्न वाचणाऱ्याच्या मनात आपणच पेरतो. एरवी साधी वाटणारी वाक्यं अशा पत्रात कोपरखळी होतात. म्हणून तटस्थ पत्रात विशेषणं जवळजवळ नसावीत, या मताला मी आलो आहे.

दुसरा खर्डा उलट टोकाला गेला. कारण म्हणून मी 'घरगुती अडचणी' लिहिल्या. पण नवा कारखाना आमच्यापासून चार किलोमीटरवर होता. महिन्याभरात सगळ्यांना कळणारच होतं. खोटं कारण लिहू नये. खरं कारण लिहायची सक्तीही नसते. 'पुढील व्यावसायिक वाटचालीसाठी' एवढे शब्द पुरतात, आणि ते खरेही असतात.

शेवटी दिलेलं पत्र असं. मूळ इंग्रजीत होतं, आमच्याकडे तशी पद्धत. मराठीत त्याचा मजकूर एवढाच होतो :

दिनांक : १ ऑगस्ट २०१९
प्रति, व्यवस्थापक, मनुष्यबळ विभाग
मार्फत : विभागप्रमुख, गुणवत्ता विभाग
विषय : वरिष्ठ अभियंता (गुणवत्ता) या पदाचा राजीनामा

महोदया,
मी वरिष्ठ अभियंता (गुणवत्ता) या पदाचा राजीनामा देत आहे. पुढील व्यावसायिक वाटचालीसाठी मी हा निर्णय घेतला आहे. नेमणूकपत्रातील साठ दिवसांच्या सूचना कालावधीनुसार सोमवार, ३० सप्टेंबर २०१९ हा माझा कामाचा शेवटचा दिवस असेल.

माझ्याकडील कामांची यादी सोबत जोडली आहे. कॅलिब्रेशन आणि ग्राहक तक्रारींचे काम कोणाकडे सोपवायचे हे १० ऑगस्टपर्यंत कळल्यास उरलेल्या काळात त्या सहकाऱ्याला सोबत घेऊन ते काम करता येईल.

२०१२ मध्ये कंपनीने मला मोजमाप आणि कॅलिब्रेशनच्या प्रशिक्षणाला पाठवले. त्याचा मला दर दिवशी उपयोग झाला. त्याबद्दल मी आभारी आहे.

कृपया राजीनामा स्वीकारल्याचे आणि कार्यमुक्तीची तारीख लेखी कळवावी.

आपला,

शेवटच्या ओळीवर लोक अडखळतात, उद्धट वाटेल म्हणतात. पण ती ओळ नसल्यामुळे माझा एक मित्र शेवटच्या दिवसापर्यंत 'साहेबांच्या टेबलावर आहे' एवढंच ऐकत राहिला. हातात पत्र दिलंत तर प्रतीवर पोच घ्यावी, मेल केलात तर कंपनीच्या मेलवरून करून एक प्रत स्वतःच्या खासगी पत्त्यावर ठेवावी, कारण शेवटच्या दिवशी कंपनीचा मेल बंद होतो.

आभाराचं वाक्य मला सर्वांत जड गेलं. सर्वसाधारण आभार मानले तर खोटे वाटत होते, न मानावे तर तुसडेपणा दिसत होता. म्हणून मी अशी एक गोष्ट शोधली, जी खरोखर घडली होती आणि जिचा बढतीशी संबंध नव्हता. अकरा वर्षांत अशी एक तरी निघतेच. नाहीच निघाली, तर वाक्य गाळावं. पत्र त्यावाचून अडत नाही.

आणि ती यादी. विधायक राजीनामा म्हणतात त्यातला विधायक भाग तिथे असतो, पत्रात नाही. माझी यादी दीड पानाची झाली. गिऱ्हाइकांच्या चालू तक्रारी पाच. प्रत्येकीचं उत्तर कुठल्या टप्प्यावर आहे आणि गिऱ्हाइकाकडे कोणाशी बोलायचं. ऑक्टोबर ते डिसेंबरात कॅलिब्रेशनला जाणारे गेज सदतीस, नंबरानिशी. प्रयोगशाळेचं नाव आणि ते गेज परत यायला लागणारे दिवस. गिऱ्हाइकाच्या पोर्टलवर ज्या खात्यातून अहवाल चढतात, ते माझ्या नावावर होतं. ते बदलून घ्यायची विनंती. दोन कपाटांच्या किल्ल्या. आणि कुठेच लिहून न ठेवलेल्या तीन गोष्टी, जशी पावसाळ्यात सरफेस प्लेटजवळचा डीह्युमिडिफायर रात्री चालू ठेवावा लागतो ही. ही यादी करताना साहेबांचं बोलणं पुन्हा आठवलं. हे सगळं एकट्या माझ्या डोक्यात होतं, हेच तर ते म्हणत होते.

पत्र देण्याआधी एक परीक्षा केली. शेजारचे काका बँकेतून निवृत्त झालेले, त्यांना माझ्या ऑफिसातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना वाचायला दिलं आणि विचारलं, मी का सोडतोय असं वाटतं? त्यांनी चष्मा वर करून म्हटलं, "दुसरी चांगली मिळाली असेल, आणखी काय?" अनोळखी माणसाला यापेक्षा जास्त कळत असेल, तर पत्र अजून तटस्थ झालेलं नाही.

मग मनातलं सगळं गिळायचं का? नाही. जाताना एक्झिट इंटरव्ह्यू होतो. तिथे बाईंनी विचारलं तेव्हा मी दोनच गोष्टी सांगितल्या : बढतीचे निकष आधी लेखी सांगितले जात नाहीत, आणि ज्याची निवड होत नाही त्याला नोटीस बोर्डाआधी कुणी बोलावून सांगत नाही. कुणाचं नाव घेतलं नाही. त्यांनी ते लिहून घेतलं. पुढे काय झालं, मला ठाऊक नाही.

मात्र हा सगळा सल्ला बढती हुकण्यापुरता आहे. कुणाला वर घ्यायचं हा मालकाचा निर्णय, माझ्या बाबतीत त्यात कुठला नियम मोडला नव्हता. पण पगार थकवलाय, छळ होतोय, लैंगिक त्रास आहे, किंवा 'राजीनामा दे नाहीतर काढून टाकू' असा दबाव आहे, तिथे हे गुळमुळीत पत्र देऊ नये. 'पुढील वाटचालीसाठी' असं सहीनिशी लिहून दिलं, की नंतर तक्रार करताना तोच कागद समोरचा पुढे करतो. तिथे तक्रार आधी, वेगळी आणि लेखी करावी आणि राजीनाम्याला हात लावण्याआधी कामगार कायद्याच्या वकिलाला भेटावं.

साठ दिवस कसे गेले, याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. त्याने, म्हणजे नव्या विभागप्रमुखाने, पत्रावर त्याच दिवशी सही केली आणि यादी वाचून एक मुलगा माझ्याबरोबर दिला. एप्रिलच्या मेलबद्दल तो कधीच बोलला नाही. मी सप्टेंबरात एकदा विषय काढायचा प्रयत्न केला. "सर, ते राहू द्या" म्हणून तो शॉप फ्लोअरवर निघून गेला. रिलीव्हिंग लेटर शेवटच्या दिवशी मिळालं, हिशेब महिन्याभरात. ग्रॅच्युइटी बारा वर्षांची, दोन लाख सोळा हजार.

२०२२ मध्ये आमच्या नव्या कारखान्यात एका मोठ्या गिऱ्हाइकाचं सप्लायर ऑडिट होतं. पुण्याच्या या धंद्यात माणसं फिरून फिरून तीच भेटतात. ऑडिटर म्हणून गाडीतून उतरला तो हाच. नोकरी बदलून गिऱ्हाइकाच्या बाजूला गेला होता. दिवसभर कागद पाहिले, प्रश्न विचारले, कुठे आकस नाही. दुपारी लॅबमध्ये आला. ट्रेमधली एक पिन उचलली आणि म्हणाला, "मायक्रोमीटर द्या जरा."

मी दिला. त्याने पिन पुसली, रॅचेट फिरवला, तीन टिक होईपर्यंत थांबला. माप पाहिलं, ते माझ्या अहवालातल्या आकड्याशी जुळत होतं. मग मायक्रोमीटर तसाच धरून हात माझ्याकडे वळवला.

"बरोबर धरलाय ना, सर?"

लॅबमध्ये माझी चार मुलं उभी होती. मी अहवालावर सही केली.